दूरचे पुट, दर सहामाहीचा खर्च आणि मार्च 2020

जानेवारी 2020 च्या तिसऱ्या आठवड्यात निफ्टी 12,200 च्या आसपास होता आणि बाजाराला पुढे किती चढउतार अपेक्षित आहेत ते दाखवणारा इंडिया व्हीआयएक्स पंधराच्या आगेमागे. त्या आठवड्यात मी निफ्टीचे 10,000 स्ट्राइकचे, जून एक्स्पायरीचे पुट घेतले, म्हणजे जूनमध्ये मुदत संपताना निफ्टी 10,000 च्या जितके अंक खाली असेल तितके रुपये देणारे करार. एका पुटला साधारण 40 रुपये पडले. लॉट तेव्हा 75 चा होता, म्हणजे एका लॉटला 3,000 आणि सहा लॉटना 18,000 रुपये. बाजार अठरा टक्के पडला तरी एक्स्पायरीच्या दिवशी ज्याची किंमत शून्यच राहील, असा हा पुट होता. तरीही 2018 पासून मी दर सहामाहीला असेच पुट घेत आले होते आणि तोवर त्यातून एकदाही नफा झाला नव्हता.

यामागचा हिशेब असा. निफ्टीच्या इंडेक्स फंडांत माझे 55 लाख होते. 12,200 ला 75 चा एक लॉट म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आतबाहेरची रक्कम, म्हणून सहा लॉटमध्ये जवळजवळ सगळं पोर्टफोलिओ झाकलं जात होतं. निवृत्तीला काही वर्षं उरली होती. दहा-पंधरा टक्क्यांच्या घसरणीची मला चिंता नव्हती, तेवढं सोसायची तयारी होती. चिंता होती ती एकदम चाळीस टक्के जाण्याची. 2008 मध्ये निफ्टी निम्म्याहून जास्त पडलेला मी पाहिला होता, आणि तेव्हा ज्यांच्या हातात रोकड होती त्यांनाच खरेदी करता आली, हेही पाहिलं होतं. फंड विकून बाजूला बसावं, तर 2018 च्या बजेटपासून दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर सुरू झाला होता. शिवाय बाहेर पडल्यावर परत कधी शिरायचं, हा प्रश्न उरतोच.

जवळचे पुट महाग असतात. बाजारभावाच्या स्ट्राइकचा सहा महिन्यांचा पुट शांत काळातसुद्धा पोर्टफोलिओच्या तीनेक टक्क्यांना पडतो. वर्षातून दोनदा घेतला की पाच-सहा टक्के गेले, म्हणजे एफडीच्या वर शेअर्समधून जे काही जास्तीचं मिळायची आशा असते, ते सगळं यातच संपतं. अठरा-वीस टक्के खालचा पुट मात्र पाव-अर्ध्या टक्क्यात मिळतो. मी वर्षाचं बजेट पोर्टफोलिओच्या पाऊण टक्क्याच्या आसपास ठरवलं, म्हणजे सुमारे 40,000 रुपये. पुट स्वस्त असोत की महाग, खर्च तेवढाच करायचा. किंमत वाढली तर लॉट कमी घ्यायचे किंवा स्ट्राइक आणखी खाली न्यायची, हे आधीच लिहून ठेवलं होतं.

खरेदीतही थोडं कौशल्य लागतं. निफ्टीत महिन्याच्या एक्स्पायरीशिवाय तिमाहीच्या आणि पुढे जून-डिसेंबरच्या लांबच्या एक्स्पायरीही असतात. सहा महिने पुढे पाहिलं, तर व्यवहार मुख्यतः हजाराच्या किंवा पाचशेच्या पटीतल्या स्ट्राइकमध्येच होतात. 10,000 च्या पुटला खरेदीदार-विक्रेते भेटतात, 9,850 च्या पुटला कोणी नसतं. 10,000 मध्येसुद्धा मी पाहिलं तेव्हा स्क्रीनवर खरेदीदाराचा भाव, म्हणजे बिड, 33 आणि विक्रेत्याचा, म्हणजे आस्क, 49 होता. मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकली असती, तर घेताक्षणीच सहावा-सातवा हिस्सा गेला असता. मी 38 ला लिमिट लावून ठेवली. तासाभरात एक लॉट मिळाला. मग 40 वर नेली आणि दुपारपर्यंत बाकीचे मिळत गेले. लांबच्या पुटमध्ये घाई नसते, कारण आज नाही मिळाला तर उद्या मिळतो. हा खर्च पुढे प्रत्येक रोलला लागतो, म्हणून तो वाचवणं मोठं काम आहे. वर्षाच्या झिजेत बिड-आस्कचा वाटा किती, हे लोक मोजत नाहीत.

रोल म्हणजे एक्स्पायरीपर्यंत थांबायचं नाही. दोन-अडीच महिने उरले की जुना पुट असेल त्या भावाला विकायचा आणि पुढच्या सहामाहीचा घ्यायचा. दूरच्या पुटची किंमत शेवटच्या दोन महिन्यांत झपाट्यानं वितळते. त्याआधी विकला तर दिलेल्या पैशांतला थोडा भाग परत येतो. 2018 आणि 2019 मिळून माझे असे 60,000 रुपये निव्वळ गेले. त्यातच 2018 च्या ऑगस्टअखेरच्या 11,760 वरून ऑक्टोबरअखेर निफ्टी 10,000 पर्यंत आला होता. पंधरा टक्के घसरण होती. माझ्या पुटची किंमत वाढली, पण ठरवलेल्या पातळीपर्यंत गेली नाही आणि महिन्याभरात परत खाली आली.

करातही एक अडचण आहे. पहिल्या वर्षीचं रिटर्न भरताना माझ्या सीए म्हणाल्या, “मॅडम, एफ अँड ओ म्हणजे व्यवसायाचं उत्पन्न. हा तोटा पगारातून वजा होणार नाही. दाखवून पुढे ओढता येईल, आठ वर्षं. पण आयटीआर थ्री वेळेत भरायला लागेल.” पगारदार माणसाला पुटच्या खर्चावर त्याच वर्षी पगारावरच्या करात सवलत मिळत नाही. उलट ज्या वर्षी पुटमधून मोठा पैसा येतो, त्या वर्षी तो पगारावर चढतो आणि वरच्या स्लॅबनं कर लागतो. म्हणून मागचे तोटे रिटर्नमध्ये दाखवून ठेवणं, हा या पद्धतीचा भागच समजायला हवा. 2020 चा नफा आला तेव्हा मागची दोन वर्षं त्यातून वजा झाली.

खरा भाग विक्रीचा. जानेवारीतच मी सहा लॉटचे तीन भाग केले होते. किंमत दहापट झाली की दोन लॉट, पंचवीसपट झाली की दोन, साठपट झाली की उरलेले दोन. विकून आलेली रक्कम इंडेक्स फंडात. हे आकडे हवेतून आलेले नव्हते. एक्सेलमध्ये निफ्टीची पातळी आणि व्हीआयएक्स बदलून पुटची किंमत काढली होती. पंचवीसपट व्हायला निफ्टी वीस-बावीस टक्के खाली आणि व्हीआयएक्स चाळीसजवळ लागत होता. साठपट व्हायला निफ्टी पस्तीस ते चाळीस टक्के खाली यावा लागत होता.

मार्च आला. 9 मार्चला निफ्टी 538 अंकांनी पडून 10,451 वर बंद झाला. पुट 10,000 चा, म्हणजे निफ्टी अजून स्ट्राइकच्या साडेचारशे अंक वरच होता. त्या दिवशी एक्स्पायरी असती तर मला एक रुपया मिळाला नसता. तरी पुटचा भाव 400 च्या वर गेला होता. व्हीआयएक्स पंधरावरून तिसाच्या आसपास गेला होता आणि जूनला साडेतीन महिने होते. निफ्टी 10,000 च्या खाली जाईल, ही शक्यता जानेवारीत नगण्य होती. आता ती चाळीस टक्क्यांच्या आसपास आली होती, आणि बाजार त्या शक्यतेचा भाव देत होता. माझे दोन लॉट 400 ला गेले. 60,000 रुपये आले.

दूरच्या पुटचं हे वागणं समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. शांत बाजारात निफ्टी शंभर अंक पडला, तर अशा पुटची किंमत चार-पाच रुपये हलते. निफ्टी जवळ येत जातो तसा तोच शंभर अंकांचा धक्का पुटला दहा, वीस, पन्नास रुपयांनी हलवू लागतो. त्यात व्हीआयएक्स चढला की सगळी मोजणी वर सरकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात तेव्हा किंमत दहा-वीसपट होते. पण दोन्ही एकत्र व्हायला घसरण वेगानं यावी लागते. वर्षभर हळूहळू तेवढीच घसरण झाली तर व्हीआयएक्स फारसा चढत नाही आणि पुटची मुदत मधेच संपते. विकत घेतलेलं संरक्षण घसरणीच्या वेगासाठी आहे, नुसत्या खोलीसाठी नाही.

12 मार्चला निफ्टी 9,590 ला बंद झाला. व्हीआयएक्स चाळीसच्या वर. पुट 1,000 ला आला आणि दुसरे दोन लॉट गेले, दीड लाख.

दुसऱ्या दिवशी, 13 तारखेला, सकाळी बाजार उघडून काही मिनिटांत निफ्टीला दहा टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं आणि व्यवहार 45 मिनिटं थांबले. माझी उरलेल्या दोन लॉटची विक्रीची ऑर्डर 2,400 ला लावलेली होती. सर्किटच्या आधीच्या मिनिटांत मी त्या पुटचं मार्केट डेप्थ पाहत होते. वरचा बिड 1,200 चा आणि खालचा आस्क 2,100 चा. मधे नऊशे रुपयांची पोकळी, आणि दोन्ही बाजूंना एक-दोनच लॉट. त्या क्षणी ज्यांनी मार्केट ऑर्डर टाकली असेल, त्यांना हाताला लागेल तो भाव मिळाला असणार. बाजार पुन्हा सुरू झाला आणि खरेदी आली. दिवसात 8,555 पाहिलेला निफ्टी 9,955 वर बंद झाला, आदल्या दिवसापेक्षा वर. संध्याकाळी पुट हजाराच्याही खाली होता. सर्किटच्या दिवशी स्क्रीनवरची “किंमत” ही किंमत नसते, दोन घाबरलेल्या ऑर्डरींमधलं अंतर असतं. म्हणूनच विक्रीच्या पातळ्या आधी लिहून लिमिट लावून ठेवायला हव्यात. त्या सकाळी बसून नवा निर्णय घेणं कोणालाच जमत नाही.

23 मार्च, सोमवार. पुन्हा दहा टक्क्यांचं सर्किट, पुन्हा 45 मिनिटांची थांबणूक, पण या वेळी सावरला नाही. निफ्टी 1,135 अंकांनी पडून 7,610 ला बंद झाला, एका दिवसात जवळजवळ तेरा टक्के. पुटचं नुसतं अंगभूत मूल्य, म्हणजे 10,000 वजा 7,610, 2,390 रुपये झालं होतं, वर व्हीआयएक्स सत्तरच्या पुढे. दुपारी 2,400 ची ऑर्डर भरली. 3,60,000 रुपये आले.

एकूण 5,70,000. खर्च 18,000.

आता दुसरी बाजू. 55 लाखांचं पोर्टफोलिओ त्या दिवशी साधारण 34 लाखांवर आलं होतं. वीस लाखांहून जास्त खड्डा, आणि पुटनी त्यातला चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भरला. सहाही लॉट तळापर्यंत धरले असते तर अर्ध्याहून जास्त भरला असता, पण तळ कुठे हे 23 तारखेला कोणालाच माहीत नव्हतं. आणि उलटं करून पाहा. 24 मार्चला निफ्टीनं 7,511 चा नीचांक केला आणि तिथून वर निघाला. 25 जूनला, या पुटच्या एक्स्पायरीला, निफ्टी 10,288 वर बंद झाला. 10,000 चा पुट शून्य. मार्च 2020 चं शतकातलं मोठं संकट मधे येऊन गेलं आणि एक्स्पायरीपर्यंत धरणाऱ्याचे 18,000 पूर्ण बुडाले. 10,451 ला जो पुट दहापट होता, तो 10,288 ला काहीच नव्हता. दूरच्या पुटचा मोबदला एक्स्पायरीला जमा होत नाही. तो मधल्या काही आठवड्यांत समोर येतो आणि विकला नाही तर निघून जातो.

पैसे खात्यात यायला एक दिवस आणि बँकेत यायला आणखी एक. शेवटचे 3,60,000 गुढीपाडव्याला, 25 मार्चला फंडात टाकले. लॉकडाऊनचा पहिला दिवस, दारात गुढी, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि निफ्टी 8,300 च्या आसपास. आधीचे दोन्ही हप्ते 10,450 आणि 9,200 च्या जवळ गुंतवले होते. डिसेंबरअखेर निफ्टी 13,981 वर होता आणि त्या 5,70,000 चे सुमारे नऊ लाख झाले होते. माझ्या मते हेजचा, म्हणजे अशा विकत घेतलेल्या संरक्षणाचा, खरा उपयोग इथे आहे. मार्चच्या स्टेटमेंटवर खड्डा थोडा कमी दिसला हे ठीकच. पण कोणाकडेच पैसे नव्हते त्या आठवड्यात माझ्याकडे नवी रोकड आली, एक युनिट न विकता आणि एफडी न मोडता. ती रोकड परत गुंतवायची नसेल, तर या पद्धतीतला अर्धा फायदा सोडूनच दिला.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या दोन बातम्या आल्या. मार्क स्पिट्झनागेल यांच्या युनिव्हर्सा फंडानं मार्च महिन्यात 3,612 टक्के परतावा मिळवल्याचं गुंतवणूकदारांना कळवलं होतं. हा आकडा अनेकांनी डोळे विस्फारून फिरवला, पण तो हेजमध्ये गुंतवलेल्या छोट्या भांडवलावरचा आहे, गुंतवणूकदाराच्या पूर्ण पोर्टफोलिओवरचा नाही. माझेही 18,000 चे 5,70,000 झाले, म्हणजे टक्केवारी तीन हजारांवर जाते, आणि तरी पोर्टफोलिओ तळाशी पंधरा लाखांनी खालीच होतं. दुसरी बातमी कॅलिफोर्नियातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कॅल्पर्स या पेन्शन निधीची. त्यांनी मोठ्या कोसळ्यासाठी असलेलं टेल हेज खर्चिक म्हणून बंद केलं होतं, आणि शेवटचा भाग संपला तो जानेवारी 2020 मध्ये. सुमारे एक अब्ज डॉलरचा लाभ हुकल्याची चर्चा झाली. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण दर वर्षी समितीसमोर एकच लाल ओळ येत असेल आणि त्याच पैशात दुसरं काही करता आलं असतं असं कोणी दाखवून देत असेल, तर ती ओळ खोडली जाणं स्वाभाविक आहे. आणि “दुसरं काही करता आलं असतं” हा मुद्दा पोकळ नाही. मी तो स्वतः मांडून पाहिला.

वर्षाला 40,000 पुटवर घालवण्याऐवजी इक्विटी थोडी कमी ठेवली तर? समजा दीर्घ काळात इक्विटी एफडीपेक्षा वर्षाला पाच टक्के जास्त देते. मग 40,000 च्या अपेक्षित परताव्यावर पाणी सोडणं म्हणजे आठ लाख रुपये फंडातून काढून एफडीत ठेवणं. खर्च सारखाच. आता तळाशी काय दिसतं ते पाहू. पुटवाल्या मार्गात 34 लाख अधिक 5,70,000, म्हणजे चाळीस लाख. एफडीवाल्या मार्गात 47 लाखांचे 29 लाखांच्या थोडं वर आणि आठ लाख रोख, मिळून साडेसदतीसच्या आत. पुट अडीच-पावणेतीन लाखांनी पुढे. त्यातून आधीच्या दोन वर्षांतले 60,000 वजा केले तरी पुढेच. पण एफडीवाल्याच्या हातात खरेदीला आठ लाख होते, माझ्याकडे 5,70,000. आणि त्याला सर्किट, बिड-आस्क, रोल, आयटीआर थ्री यांतलं काहीच करावं लागलं नाही.

चांगल्या वर्षी चित्र उलटतं. 2023 मध्ये निफ्टी वीस टक्के वाढला. एफडीत सात टक्के धरले तर आठ लाखांवर एक लाखाहून जास्त हुकलं, पुटवाल्याचे 40,000 च गेले. बाजार जोरात असताना पुट स्वस्त मार्ग आहे आणि बाजार कोसळतो तेव्हाही तो सरस. तो हरतो मधल्या वर्षांत, जेव्हा बाजार रेंगाळतो किंवा सावकाश घसरतो.

तसं वर्ष आलं. सप्टेंबर 2024 च्या शेवटी निफ्टीनं 26,277 चा उच्चांक केला आणि मार्च 2025 च्या सुरुवातीला तो 22,000 च्या आसपास होता. सोळा टक्के, पाच महिन्यांत, रोज थोडं थोडं. परदेशी गुंतवणूकदार विकत होते, देशी फंड घेत होते, आणि व्हीआयएक्स बहुतेक काळ तेरा ते सोळाच्या घरात झोपलेला. माझ्याकडे सप्टेंबरमध्ये मार्च एक्स्पायरीचे 21,000 चे पुट होते. जानेवारीत रोल करायची वेळ आली तेव्हा निफ्टी 23,300 वर आला होता, तरी त्या पुटना दिलेल्या पैशांच्या निम्मेही येत नव्हते. निफ्टी स्ट्राइककडे सरकत होता, पण त्याहून वेगानं मुदत संपत होती. नियमाप्रमाणे मी ते विकले आणि जूनचे, पुन्हा वीस टक्के खालचे, 18,500 चे घेतले. म्हणजे बाजार तीन हजार अंक खाली आला आणि माझं संरक्षण त्याच्या मागोमाग अडीच हजार अंक खाली सरकलं. 7 एप्रिलला अमेरिकेच्या आयातशुल्काच्या भीतीनं निफ्टी दिवसात 21,743 पर्यंत गेला, व्हीआयएक्स एका दिवसात बावीसच्या पुढे उडाला. माझे 18,500 चे पुट जेमतेम दीडपट झाले आणि काही दिवसांत परत खाली आले. जानेवारीत स्ट्राइक 21,000 च ठेवून जून घेतला असता, तर त्या दिवशी त्यात जीव आला असता. पण जानेवारीत तो पुट कित्येक पट महाग होता आणि त्या बजेटमध्ये जेमतेम एखादा लॉट बसला असता. आठ लाख एफडीत असते, तर या घसरणीत सव्वा लाख वाचले असते, हेही मी वहीत लिहून ठेवलं आहे.

त्याआधीचा 4 जून 2024 चा, लोकसभा निकालाचा दिवस तर आणखी छोटा. निफ्टी जवळपास सहा टक्के पडला, पुट दिवसभर फुगले, आणि तीन दिवसांत निफ्टी निकालाआधीच्या पातळीवर परत. दहापटीच्या जवळपासही काही गेलं नाही. एका दिवसाच्या धक्क्याला दूरचा पुट पुरा पडत नाही. त्याला काही आठवड्यांची सलग पडझड लागते.

मार्च 2020 नंतरच्या महिन्यांतलं एक वेगळंच अवघड होतं. जून 2020 मध्ये व्हीआयएक्स तिसाच्या आसपास रेंगाळत होता. जानेवारीत जो वीस टक्के खालचा पुट निफ्टीच्या एक तृतीयांश टक्क्याला मिळत होता, तसाच पुट आता दोन टक्क्यांच्या वर मागत होता. सगळ्यांना संरक्षण हवं असतं ते नेमकं तेव्हाच. मी बजेट वाढवलं नाही. स्ट्राइक तीस टक्के खाली नेली आणि निम्मंच पोर्टफोलिओ झाकलं. व्हीआयएक्स खाली आल्यावर, पुढच्या वर्षी, परत पूर्ण संख्येवर आले.

सगळी वर्षं जोडली, तर 2018 पासून 2025 च्या मध्यापर्यंत माझे पुटवर निव्वळ साधारण पावणेपाच लाख खर्च झाले. पोर्टफोलिओ वाढत गेलं तसं बजेटही वाढलं. समोर 2020 चे 5,70,000, आणि गुंतवल्यावर त्यांचे जे झाले ते. हिशेब जमेच्या बाजूला आहे, पण तो एका मार्च महिन्यावर उभा आहे. 2021 मध्ये सुरुवात केली असती, तर तोच हिशेब निव्वळ खर्चाचा असता. तरीही मला हा खर्च पटतो, कारण याच्या आधारावर मी निवृत्तीच्या इतक्या जवळ येऊनही इक्विटीचं प्रमाण कमी केलं नाही, आणि त्यातूनच मोठी वाढ झाली. ज्यांच्याकडे आधीच निम्मे पैसे एफडीत किंवा पीपीएफमध्ये आहेत, त्यांना याची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पोर्टफोलिओ वीस-पंचवीस लाखांच्या आत असेल तर आणखी एक अडचण आहे. सेबीच्या 2024 च्या नियमांनंतर लॉट पुन्हा 75 चा झाला होता, म्हणजे 2025 मध्ये 24,000 च्या निफ्टीला एकच लॉट अठरा लाखांचा होता. अशा पोर्टफोलिओत एकच लॉट बसतो, आणि एका लॉटचे तीन भाग करून टप्प्याटप्प्यानं विकता येत नाहीत.

एप्रिल 2025 नंतर मी दोन गोष्टी बदलल्या. बजेटचे आता दोन भाग आहेत. निम्मा पूर्वीसारखा पुटवर, निम्म्याऐवजी तेवढ्याच खर्चाचा हिस्सा फंडातून काढून एफडीत, म्हणजे सावकाश घसरण आली तर निदान तो भाग वाचेल. आणि रोल करताना बाजार आधीच दहा टक्के खाली असेल, तर स्ट्राइक खाली सरकवायची नाही. जुनीच ठेवायची, लॉट जितके बजेटमध्ये बसतील तितकेच घ्यायचे, दोन बसले तर दोन. यामुळे मोठा कोसळा आला तर मोबदला पूर्वीपेक्षा कमी येईल, हे माहीत आहे. एक्सेलमध्ये 2020 चे भाव टाकून पाहिलं तेव्हा 5,70,000 च्या जागी तीन लाखांच्या थोडं खाली आलं. त्यासोबत एफडीतली चार लाखांची रोकड हातात राहते. डिसेंबरच्या एक्स्पायरीचे लॉट मी याच पद्धतीनं घेतले आहेत आणि दहापट, पंचवीसपट, साठपट या तीन पातळ्या पूर्वीच्याच आहेत.